‘कुठे आहेस?’ हा प्रश्न सर्वेक्षणात कसा मोजायचा? नवरा-बायको, पासवर्ड आणि लोकेशन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (आपण सगळे त्याला एनएफएचएस म्हणतो) प्रश्नावलीत घरगुती हिंसेचा एक भाग असतो. त्यात नवऱ्याच्या नियंत्रणाबद्दल काही प्रश्न विचारतात. तुम्ही परपुरुषाशी बोललात तर तो चिडतो का, माहेरच्यांशी संपर्क कमी ठेवायला लावतो का, वगैरे. त्यातलाच एक प्रश्न असा आहे: तुम्ही सदासर्वकाळ कुठे आहात हे आपल्याला कळलंच पाहिजे असा आग्रह तो धरतो का?

हा प्रश्न स्मार्टफोन घरोघरी पोचायच्या आधीपासूनचा आहे. तेव्हा आग्रह धरायचा म्हणजे तोंडाने विचारावं लागायचं, फोन करावा लागायचा, नाहीतर कुणालातरी पाठवून चौकशी करावी लागायची. विचारणारा दिसायचा आणि जिला विचारलं तिला ते लक्षात राहायचं. आता समजा, दोन वर्षांपूर्वी कधीतरी दोघांनी गूगल मॅप्सवर एकमेकांना लोकेशन शेअर केलं आणि ते तसंच चालू राहिलं. आज नवरा एकदाही ‘कुठे आहेस’ विचारत नाही, कारण विचारायची गरजच उरलेली नाही. मग प्रगणकाच्या प्रश्नाला ती बाई काय उत्तर देईल? बहुधा ‘नाही’ असंच देईल, आणि ते खोटंही नसेल.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा विषय मी ‘प्रायव्हसी चांगली की वाईट’ या वादातून सांगत नाही, याचं कारण हेच. मोजमाप नीट व्हायचं असेल तर आधी ठरवावं लागतं की जोडप्यात कोणाला कशाची माहिती असण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कुठे संपतो. ते ठरवल्याशिवाय ‘लोकेशन शेअर करता का: हो / नाही’ असा प्रश्न टाकला तर त्यात काळजी आणि पाळत एकाच रकान्यात जाऊन बसतात.

आता एक प्रसंग घेऊ. तो मी रचलेला आहे, कोणा एका जोडप्याचा नाही. पण भीमाशंकरच्या पट्ट्यात, म्हणजे मंचर-घोडेगाव-डिंभे-तळेघर या रस्त्याच्या वरच्या अंगाला, असं घर शोधायला फार वेळ लागणार नाही.

ती आशा कार्यकर्ती आहे. वाड्या-वस्त्यांवर फिरते, गरोदर बायांची नोंद ठेवते, बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघून येते, आणि गरज पडली तर बाईला घेऊन घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरला जाते. तो पिकअप चालवतो. खालच्या गावांतला भाजीपाला रात्री मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या बाजारात पोचवतो. दोघांनी मॅप्सवर एकमेकांना लोकेशन कायमचं शेअर केलंय. मूळ कल्पना तिची होती. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, धुकं उतरतं, आणि रात्री दोन वाजता गाडी कुठे आहे हे कळलं की तिला झोप लागते. तिचा फोन त्याने घेऊन दिला, सिमही त्याच्याच नावावर. फोनचा पॅटर्न त्याला माहीत आहे, मोठ्या पोराला माहीत आहे, आणि पोर अभ्यासाचे व्हिडिओ त्याच फोनवर बघतं.

एक दिवस तिच्या कामाच्या वस्तीवरची एक तरुण बाई तिला म्हणते, ताई, मला पाळणा लांबवायचाय, तांबी बसवायचीय, पण घरी सांगू नका. दोघी घोडेगावला जातात. संध्याकाळी नवरा सहज विचारतो, ‘आज घोडेगावला काय काढलंवतं?’ त्याच्या मनात काही नाही. पण त्या तरुण बाईचा नवरा त्याच्याच गाडीवर हमालीला असतो, आणि सकाळी त्याने सांगितलेलं असतं की बायको आज आशाताईंबरोबर कुठेतरी गेलीय.

आता आशाताईंनी काय करायचं? खरं सांगितलं तर दुसरीचं गुपित फुटतं. खोटं सांगितलं तर स्वतःच्या घरात संशयाला जागा होते. गप्प बसल्या तर तेही उत्तरच. या प्रसंगात नवरा वाईट नाही, संशयी नाही, लोकेशनची सुरुवात तर तिनेच केलेली. तरीही काहीतरी गडबड झालीय, आणि ती नेमकी कुठे झाली हे सांगता आलं पाहिजे.

इथे हेलन निसेनबॉम यांची ‘संदर्भानुसार सचोटी’ ही मांडणी कामाला येते. 2004 च्या एका लेखात त्यांनी ती मांडली आणि 2010 च्या पुस्तकात विस्ताराने लिहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माहिती मुळात खासगी किंवा सार्वजनिक अशी नसते. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ते जाणं त्या संदर्भातल्या रीतीला धरून आहे की नाही हे बघायचं. त्यासाठी पाच गोष्टी तपासायच्या. माहिती कोणाबद्दलची आहे, कोण देतंय, कोणाला मिळतेय, कुठल्या प्रकारची आहे, आणि कुठल्या अटीवर दिली जातेय. परीक्षेला ही यादी पाठ करणारे पुष्कळ आहेत. ती आपल्या प्रसंगाला लावून बघितली तर मात्र तिचा उपयोग दिसतो.

रात्री घाटातली गाडी: माहिती नवऱ्याबद्दलची, देणारा नवरा, घेणारी बायको, प्रकार म्हणजे ठिकाण, अट म्हणजे ‘सुखरूप आहे का एवढं बघायला’. सगळं जागच्या जागी. आता दुपारचं घोडेगाव बघा. घेणारा आणि देणारी फक्त बदलले, माहितीचा प्रकारही तोच, ठिकाण. पण ही माहिती कोणाबद्दलची आहे? अर्धी आशाताईंबद्दलची, अर्धी त्या तरुण बाईबद्दलची. आणि तिने ती ‘घरी सांगू नका’ या अटीवर दिली होती. आशाताईंच्या खिशातल्या फोनने ती अट न विचारताच मोडली. म्हणजे ‘आम्हा दोघांत काही लपवाछपवी नाही’ हे वाक्य त्या दोघांपुरतं खरं असलं तरी पुरेसं नाही, कारण फोनमध्ये दोघंच राहत नाहीत.

सँड्रा पेट्रोनिओ यांनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलंय. एखाद्याने आपलं गुपित आपल्याला सांगितलं की आपण त्याचे सहमालक होतो, आणि सहमालकाला एकट्याने निर्णय घ्यायचा हक्क नसतो. सातबाऱ्यावर दोघांची नावं असली की एकाने परस्पर विकायची नाही, तसंच. आशाताईंनी नवऱ्याला पॅटर्न दिला तेव्हा स्वतःच्या हिश्शाबरोबर वस्तीवरच्या बायांचा हिस्साही देऊन टाकला. माझ्या मते जोडप्यातल्या खासगीपणाची पहिली रेषा इथे ओढावी लागते. ‘तुझ्यापासून मला काय लपवायचंय’ यापेक्षा ‘जे माझं एकटीचं नाही ते मी देऊ शकत नाही’ ही रेषा भांडणातही टिकते. शिक्षक, नर्स, वकील, बचतगटाची सचिव, सगळ्यांना ती लागू आहे. अगदी मैत्रिणीने रडत पाठवलेल्या मेसेजलासुद्धा.

आता पासवर्डकडे येऊ. बोलताना आपण ‘पासवर्ड दिला’ म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

फोनचा पॅटर्न किंवा पिन दिला की फोन हातात असेपर्यंत सगळं दिसतं. फोन परत घेतला की दार बंद. निदान तसं वाटतं. कारण पाच मिनिटं फोन हातात असला की त्या पाच मिनिटांत कायमचं दार उघडून ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडता येतं. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात आणि त्यानंतर मूळ फोन जवळ असायची गरज राहत नाही. मॅप्समधून लोकेशन स्वतःच्या खात्याकडे सुरू करून ठेवता येतं.

गूगल खात्याचा पासवर्ड ही दुसरी गोष्ट, आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप मोठी असते. त्याच्यामागे मेल असतो, बॅकअप घेतलेले फोटो असतात, नंबर असतात, ब्राउझरने जपून ठेवलेले बाकी सगळे पासवर्ड असू शकतात, आणि हरवलेला फोन शोधायची सोय असते. या शेवटच्या सोयीचा अर्थ असा की ज्याने पासवर्ड दिला त्याने लोकेशनही दिलं, ‘लोकेशन शेअर करू का’ हा प्रश्न कधी समोर न येता. मुलाखतीत ‘आम्ही लोकेशन शेअर करत नाही, फक्त पासवर्ड माहीत आहेत’ असं कोणी म्हणालं तर तिथे थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा.

तिसरी गोष्ट युपीआय पिन. त्यामागे फक्त पैसे आहेत, पण दुसऱ्याच्या पिनने केलेला व्यवहार बँकेच्या लेखी खातेदारानेच केलेला असतो. हा पिन कोणालाही न देणं हा बँकेचा नियमच आहे, त्यामुळे यावर घरात वाद घालायचं कारणही नसतं. एकमेकांच्या पैशाची माहिती हवी असेल तर त्याला संयुक्त खातं हे जुनं आणि सरळ उत्तर आहे.

आपल्याकडे मात्र आणखी एक गुंता आहे. परदेशातलं बरंचसं संशोधन ‘एक माणूस, एक फोन’ असं गृहीत धरतं. एनएफएचएस-5 (2019-21) नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी साधारण 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाईल होता. म्हणजे जवळपास निम्म्या बायांच्या बाबतीत ‘तुमच्या फोनचा पासवर्ड’ हा शब्दप्रयोगच चुकतो. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या 199 सहभागींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. प्रायव्हसी आमच्यासाठी नाही, ती श्रीमंत बायकांची गोष्ट, असं त्यात एक सहभागी सांगते, आणि तेच निबंधाच्या शीर्षकात आलंय. पण त्याच बाया प्रत्यक्षात काय करत होत्या? ठरावीक अ‍ॅपला कुलूप लावत होत्या, एखादाच मेसेज किंवा फोटो निवडून पुसत होत्या, काही गोष्टी फोनवर करायचंच टाळत होत्या. सगळी हिस्टरी पुसली की रिकामी जागा दिसते आणि प्रश्न येतो. एकच मेसेज गेला तर कळत नाही. तेव्हा प्रश्नावलीत ‘प्रायव्हसी महत्त्वाची वाटते का’ असं विचारून ‘नाही’ उत्तर आलं, तर ते उत्तर शब्दाबद्दलचं आहे, वागण्याबद्दलचं नाही. वागणं विचारा. ‘फोन दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही काही करता का?’ या प्रश्नाला निघणारी उत्तरं वेगळीच असतात.

लोकेशनबद्दल थोडं तांत्रिक बोलावं लागेल, कारण घरातली निम्मी भांडणं त्या निळ्या ठिपक्यावर नको इतका विश्वास ठेवल्याने होतात. फोनला स्वतःची जागा उपग्रहांवरून कळते, त्यासाठी मोबाईलची रेंज लागत नाही. पण ती जागा दुसऱ्याच्या फोनवर दिसायला रेंज लागते. डिंभे धरणाच्या पुढे रस्ता चढायला लागला की ठिकठिकाणी रेंज जाते. मग दुसऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतं? ठिपका शेवटी जिथे रेंज होती तिथेच बसून राहतो. माणूस तळेघरला पोचलेला असतो आणि ठिपका घोडेगावच्या बाजारपेठेत. ठिपक्याबरोबर ‘इतक्या मिनिटांपूर्वी’ असं लिहिलेलं असतं, पण काळजीत किंवा रागात असलेला माणूस ते वाचत नाही. माणूस घरात किंवा दवाखान्याच्या इमारतीत असला की उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही, मग फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो. टॉवरवरून बांधलेला अंदाज खेड्यात किलोमीटरभरही चुकू शकतो, कारण टॉवर लांब लांब असतात. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ मोठं दिसलं तर त्याचा अर्थ ‘या वर्तुळात कुठेतरी’ असा घ्यायचा. ‘तू तिच्या घरी काय करत होतीस’ असं विचारण्याइतकी अचूकता त्यात नसते.

आणि एक बारीक गोष्ट. मॅप्सवर लोकेशन शेअर केलं की समोरच्याला फोनची बॅटरी किती आहे हेही दिसतं. ‘बॅटरी संपली होती म्हणून उचलला नाही’ ही आपल्या समाजातली एक जुनी, निरुपद्रवी सबब होती. बहुतेक नात्यांना अशा थोड्या सबबी लागतात. ती सोय गेली, आणि कोणीही ती विचारून काढून घेतलेली नाही.

इथे वेळेची अट महत्त्वाची होते. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास एवढंच चालतं, मग आपोआप बंद होतं. मॅप्समध्ये ठरावीक वेळ निवडता येते किंवा ‘बंद करेपर्यंत’. वरवर बघता हा फरक सोयीचा वाटतो, पण हक्काच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. आपोआप बंद होणारं लोकेशन रोज नव्याने दिलं जातं. न देणं हे तिथे काही घडणं नसतं. ‘बंद करेपर्यंत’ चालणारं लोकेशन मात्र बंद करावं लागतं, आणि बंद करणं ही घटना होते. ‘का बंद केलंस?’ हा प्रश्न लगेच येतो. म्हणून संमती मोजायची असेल तर ‘तुम्ही हो म्हणालात का’ यापेक्षा ‘उद्या बंद केलं तर घरात काय होईल’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. ‘काही नाही, विचारेल आणि सोडून देईल’ असं उत्तर आलं तर ती काळजी. उत्तर द्यायच्या आधी बाईने दाराकडे बघितलं, तर उत्तर मिळालेलं आहे.

कायद्याचं काय? विद्यार्थी इथे लगेच पुट्टस्वामी निकाल लिहितात. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, हे खरं. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात, आणि नवरा म्हणजे राज्यसंस्था नव्हे. हे अंतर ओलांडताना न्यायालयांची थोडी ओढाताण दिसते, आणि जुलै 2025 मधले दोन निकाल शेजारी ठेवले की ती कळते.

छत्तीसगड उच्च न्यायालयापुढे एका नवऱ्याने बायकोच्या कॉलचा तपशील मागितला होता. न्यायालयाने तो नाकारला आणि सांगितलं की लग्न झालं म्हणून नवऱ्याला बायकोच्या खासगी माहितीवर आपोआप हक्क मिळत नाही; मोबाईलचा किंवा बँकेचा पासवर्ड द्यायला तो तिला भाग पाडू शकत नाही, आणि तसं भाग पाडणं घरगुती हिंसाही ठरू शकते. त्याच महिन्यात, 14 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका घटस्फोटाच्या दाव्यात म्हटलं की जोडीदाराचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलेलं असलं तरी ते पुरावा म्हणून दाखल करता येईल. त्या दाव्याला लागू असलेल्या जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 122 मध्ये नवरा-बायकोतल्या बोलण्याला संरक्षण होतं, पण त्या दोघांतल्याच दाव्याला अपवादही त्याच कलमात होता. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवत असतील तर ते नातं मोडल्याचं लक्षण आहे, पाळतीची मुभा दिल्याने नाती मोडतील असं नाही, असाही न्यायालयाचा सूर होता.

बरेच जण म्हणतात की हे निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला तसं वाटत नाही. पहिल्यात प्रश्न होता, ‘मला माहिती मिळवून द्या’. दुसऱ्यात प्रश्न होता, ‘मिळालेली माहिती न्यायालयाने बघावी का’. न्यायालयाने पुरावा बघितला म्हणजे तो मिळवायचा हक्क होता असं सिद्ध होत नाही. निबंधात हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. दुसऱ्या निकालामुळे घरोघरी चोरून रेकॉर्डिंग वाढेल अशी भीती व्यक्त झाली, आणि ती मला रास्त वाटते.

लोकेशनबद्दलचा निकाल थोडा वेगळ्या दिशेने आलाय. 8 जुलै 2024 ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी एका जामिनाची अट रद्द केली. आरोपीने गूगल मॅप्सवर आपलं लोकेशन तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं, अशी ती अट होती. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांनी सतत डोकावत राहावं अशी अट घालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा नियम नवरा-बायकोला थेट लागू होत नाही, हे मी वर सांगितलंच. पण गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला जेवढी जागा मिळते तेवढीही घरातल्या माणसाला नसावी, असं म्हणणाऱ्याला त्याचं कारण द्यावं लागेल.

परत आशाताईंकडे. त्या दोघांनी बसून ठरवायचं म्हटलं तर कसं ठरवतील? मी त्यांना प्रत्येक मागणीमागची गरज आधी नाव घेऊन सांगायला लावीन. रात्री घाटात सुखरूप असणं ही गरज खरी आहे आणि ती दोघांचीही आहे. ती प्रवासापुरत्या लाइव्ह लोकेशनने भागते. तो निघताना आठ तासांचं पाठवेल, ती पावसात वस्तीवर जाताना एक तासाचं. रेंज नसलेल्या टप्प्यासाठी ठिपका उपयोगाचा नाहीच, तिथे ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमक्याला विचार’ असं ठरवलेलं बरं. दवाखान्याच्या दिवशी ती लोकेशन पाठवणार नाही, ‘कामावर आहे, सहापर्यंत येते’ एवढं सांगेल. ते कारण न विचारता मान्य करणं हा त्याचा भाग. आणि हे रोजचं झालं, म्हणजे घोडेगावला जाताना किंवा न जाताना, कामाच्या दिवशी कधीच लोकेशन नसलं, तरच ते गुपित राखतं. फक्त गुपिताच्या दिवशी बंद केलं तर बंद करण्यानेच गुपित फुटेल.

अडीअडचणीला फोन उघडता यावा ही दुसरी गरज. त्यासाठी पॅटर्न माहीत असू द्यावा, पण कामाच्या चॅटला फोनच्या पॅटर्नपेक्षा वेगळा गुप्त कोड असलेलं कुलूप लावावं. ती सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. पोराला व्हिडिओ बघायला फोन दिला तरी त्या चॅट उघडणार नाहीत. ‘माझं काही बरंवाईट झालं तर’ या काळजीला पासवर्ड हे उत्तर नाहीच. बँकेत वारसाचं नाव लावणं हे त्याचं उत्तर आहे.

तिसरी गरज म्हणजे विश्वास, आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. विश्वासासाठी दिलेला पासवर्ड ती गरज भागवत नाही. तपासलं आणि काही सापडलं नाही, तर संशयी माणूस ‘पुसलं असेल’ असं म्हणतो. त्याला शेवट नाही. शिवाय दोघांचे पासवर्ड दोघांकडे म्हणजे बरोबरी झाली, असंही नाही. फोन आणि सिम ज्याच्या नावावर, रिचार्ज ज्याच्या हातात आणि नातं बिघडलं तर घर सोडावं लागणार जिला, त्या दोघांच्या देण्याघेण्याची किंमत सारखी नसते.

आपल्या फोनवर काय चालू आहे हे बघायच्या जागा तीन. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices, मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून Location sharing, आणि गूगल खात्यात Security खाली Your devices. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काढून टाका, असा सल्ला सगळे देतात. पण ज्या घरात मारहाण आहे तिथे तो धोक्याचा ठरू शकतो, कारण काढलेलं समोरच्याला कळतं. तिथे आधी सुरक्षित फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनशी बोलणं बरं.

शेवटी क्षेत्रकार्याचं. या विषयावर जोडप्यांना एकत्र बसवून मुलाखत घ्यायचा मोह होतो, कारण संवाद छान रंगतो. घेऊ नका. निदान सुरुवातीला नको. हिंसेवरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा-मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात मुलाखत एकांतात घ्यायची आणि एका घरातून एकाच बाईची घ्यायची असं सांगितलंय. एनएफएचएसमध्येही हिंसेचा भाग घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारतात. कारण साधं आहे: तिला काय विचारलं हे घरातल्या दुसऱ्या कोणाला कळता कामा नये. ‘तुमचा पासवर्ड नवऱ्याला माहीत आहे का’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण त्या रात्री घरात ‘तू काय सांगितलंस’ हा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून थेट विचारण्याऐवजी वर दिलाय तसा रचलेला प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, ‘या ताईंनी काय करावं?’ बाई ताईंबद्दल बोलता बोलता स्वतःचं जेवढं सांगायचं तेवढंच सांगते, आणि कुठे थांबायचं ते तिच्या हातात राहतं. यातून किती घरांत असं होतं याचा आकडा निघत नाही. लोक हद्द कुठे आणि कुठल्या शब्दांत आखतात, एवढंच कळतं.

आणि हो, मुलाखतीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नका. तो फोन कोण कोण वाचतं हे तुम्हाला अजून माहीत नसतं, आणि तेच तर शोधायला तुम्ही निघालेला आहात.